कीटोवर उपाशीपोटीची साखर वाढली तर

कीटो, म्हणजे अगदी कमी कर्बोदकांचा आहार, सुरू केल्यावर तुझी उपाशीपोटीची साखर 88 वरून 108 झाली म्हणून लगेच घाबरू नकोस. कर्बोदकं फार कमी केली की स्नायू चरबीवर चालायला लागतात आणि साखर घ्यायचं टाळतात, म्हणजे ती मेंदूसाठी उरते. त्यात पहाटे यकृत स्वतःच साखर तयार करून रक्तात सोडतं. त्यामुळे सकाळचा आकडा चढा दिसू शकतो.

तुझं एचबीए1सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा अंदाज, 5.3 आहे आणि जेवणानंतर दोन तासांनी साखर 105 च्या आत राहते. मग चित्र बहुधा हेच. मात्र रक्त कमी असेल तर एचबीए1सीवरही विसंबता येत नाही.

खरा घोळ होतो 75 ग्रॅम ग्लुकोज पिऊन करायच्या तपासणीत. कीटोवरून थेट गेलीस तर इन्शुलिनचा प्रतिसाद मंद असतो आणि दोन तासांचा आकडा उगाच मधुमेहासारखा येऊ शकतो. आधी तीन दिवस रोज किमान 150 ग्रॅम कर्बोदकं खा: सकाळी पोहे, दोन्ही जेवणांत पोळी-भात. साखरेची औषधं चालू असतील तर हे डॉक्टरांना विचारूनच. आहाराबद्दल त्यांना सांगच, लॅबच्या कागदावर ते कुणी लिहीत नाही.

उपाशीपोटी 126 किंवा जास्त दोनदा आलं, तर मात्र कीटोवर ढकलू नकोस.