एनेबल दिला तर एकाच पल्सला काउंटर दोन का मोजतो? – क्लॉक गेट करण्याऐवजी मक्स

प्रश्न: मी नाशिकला तिसऱ्या वर्षाला आहे, इलेक्ट्रॉनिक्स. काउंटर हवा तेव्हाच चालावा म्हणून `clk & en` करून क्लॉक दिला. `en` एकाच सायकलपुरता वर जातो, तरी सिम्युलेशनमध्ये काउंट २ ने वाढतो. सर म्हणाले, "क्लॉकला हात लावू नको, मक्स लावून क्यू परत आत घे." पण क्लॉक चालूच राहिला तर फ्लिप-फ्लॉप जुनी किंमत धरून कसा ठेवणार?

उत्तर:

सिम्युलेटर खोटं बोलत नाहीये. तुझ्या सर्किटमध्ये खरोखर दोन एज आहेत.

```verilog
assign gclk = clk & en;
always @(posedge gclk) cnt <= cnt + 1;
```

तुझा `en` कुठून येतो? त्याच `clk` वर चालणाऱ्या दुसऱ्या फ्लिप-फ्लॉपमधून. म्हणजे तो वर जातो तो चढत्या एजच्या थोडा *नंतर*, आणि तेव्हा `clk` वरच असतो. अँड गेटला दोन्ही इनपुट १ दिसले की `gclk` तिथल्या तिथे वर जातो, आणि ही झाली पहिली एज, जी तुला नकोच होती. पुढच्या सायकलला `clk` चढतो तेव्हा `en` अजून १ च असतो, ही दुसरी, तुला हवी असलेली. त्यानंतर `en` खाली येतो आणि `gclk` ची मान अर्ध्यातच मुरगळतो. सिम्युलेशनमध्ये उशीर शून्य असतो म्हणून दर वेळी नेमाने २ दिसतात. खऱ्या बोर्डावर इतकं सरळ दिसलं तर नशीब समज.

आमचंच सांगतो. काही वर्षांपूर्वी सातपूरला एका वर्कशॉपमध्ये आम्ही द्राक्षांच्या पॅकहाउससाठी पेट्या मोजायचं कार्ड केलं होतं. पट्ट्यावरून पेटी गेली की सेन्सर, त्याच्यापुढे थोडं लॉजिक, शेवटी 74HC163 काउंटर. क्लॉक १० मेगाहर्ट्झ. (पेट्या मोजायला १० मेगाहर्ट्झ कशाला, तर ऑसिलेटर पडून होता.) निफाडकडची जानेवारी. सकाळी काउंटर पेट्या जास्त दाखवायचा, दुपारी बरोबर. आम्ही सेन्सरला दोष दिला, दोनदा बदलला. मग दवाला दोष दिला आणि सेन्सरवर पत्र्याची टोपी बसवली. सकाळी पेट्या पुन्हा जास्त.

शेवटी स्कोप लावला. १० मेगाहर्ट्झला सायकल १०० नॅनोसेकंदांची, त्यात क्लॉक वर असतो ५०. आमचा `en` एक फ्लिप-फ्लॉप आणि दोन-तीन गेट पार करून एजनंतर साधारण ३६ नॅनोसेकंदांनी पोहोचत होता. राहिले १४. अँड गेटमधून तेवढ्याच रुंदीची एक काडी बाहेर पडत होती. त्या काउंटरची डेटाशीट साडेचार व्होल्टला क्लॉक निदान १६ नॅनोसेकंद वर असावा असं मागते. १४ म्हणजे धड आत नाही, धड बाहेर नाही: चिप मोजेल किंवा सोडून देईल, कसलीच हमी नाही. आता थंडीचा भाग बघ. सीमॉस गार असताना जलद चालतं. पहाटे `en` जरा लवकर पोहोचायचा, काडी जरा रुंद व्हायची आणि मोजली जायची. दुपारी कार्ड तापलं की `en` दोन-तीन नॅनोसेकंद मागे पडायचा, काडी अरुंद व्हायची आणि चिप तिच्याकडे बघायचीही नाही. दुपारचा आकडा बरोबर यायचा तो निव्वळ योगायोगाने.

आता सरांचा मक्स.

```verilog
assign d = en ? din : q;
always @(posedge clk) q <= d;
```

तुझी शंका अशी की क्लॉक चालूच आहे, मग किंमत टिकते कशी. टिकत नाही, दर एजला नव्याने लिहिली जाते. `en` शून्य असताना मक्स फ्लिप-फ्लॉपला त्याचंच आउटपुट वाढतो, तो तेच पुन्हा उचलतो. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं थांबलाय. काउंटरसाठी `q` च्या जागी `cnt` आणि `din` च्या जागी `cnt + 1` घाल, झालं.

लूप बघून दचकू नकोस. मक्सचं आउटपुट *थेट* त्याच्याच इनपुटला जोडलं तर लॅच होतो, आणि त्यात `en` वरचा ग्लिच किंमत बिघडवू शकतो. इथे वाटेत एजवर चालणारा फ्लिप-फ्लॉप बसलाय, त्यामुळे एका एजला एकच फेरी होते. होल्डचीही काळजी नाही: क्यू बदलून मक्समधून `d` ला पोहोचेपर्यंत तीच एज कधीच होऊन गेलेली असते.

सुरक्षितपणा नेमका इथे आहे. क्लॉकच्या वायरवर प्रत्येक चढती काडी म्हणजे हुकूम. `d` च्या वायरवर मधल्या वेळात काय गोंधळ चाललाय याला किंमत नाही, फक्त एजच्या आसपास ती स्थिर हवी. `en` सायकलच्या मधोमध तीनदा उड्या मारू दे. मक्सचे दोन्ही इनपुट १ असताना सिलेक्ट बदलला तरी आउटपुटला क्षणभर ० डोकावू शकतो, तोही डोकावू दे. आमच्याच कार्डाचा हिशोब घे: `en` ३६ ला आला, काउंटरला एनेबलसाठी सुमारे ३५ चा सेटअप लागतो, ७१ ला सगळं शांत. एज १०० ला. तोच ३६ नॅनोसेकंदांचा उशीर आधी घात करत होता, आता त्याची कुणाला दखलही नाही.

आणि लाजिरवाणी गोष्ट ही की 74HC163 मध्ये एनेबलच्या पिना आधीपासूनच असतात, ७ आणि १०. आम्ही त्या सरळ ५ व्होल्टला बांधून वर क्लॉक कापत बसलो होतो. ट्रॅक तोडला, दोन जंपर टाकले, पत्र्याची टोपी काढली.

एफपीजीएवर मक्स हाताने काढायची गरज नाही. `always @(posedge clk) if (en) ...` असं लिही, तिथल्या फ्लिप-फ्लॉपना क्लॉक-एनेबलची पिन असते, टूल ती वापरतं. उलट `clk & en` लिहिलंस तर क्लॉक साध्या लॉजिकमधून आणि साध्या वायरिंगवरून जाऊ शकतो, उशिरा पोहोचतो, आणि शेजारच्या `clk` वाल्या फ्लिप-फ्लॉपकडून येणारा डेटा त्याच्या आधीच बदललेला असू शकतो. हा होल्डचा घोळ क्लॉक हळू करूनही जात नाही.

मक्स एक गोष्ट मात्र करत नाही. `en` थेट बटणावरून किंवा सेन्सरवरून, म्हणजे क्लॉकशी नातं नसलेला आला, तर तो कधीतरी बरोबर एजवरच बदलणार. मग ८ बिटांतली काही बिटं नवी किंमत घेतील, काही जुनी धरून बसतील. आधी दोन फ्लिप-फ्लॉप एकामागे एक लावून तो क्लॉकच्या ओळीत आण, आणि त्यातून एकाच सायकलचा पल्स काढ, नाहीतर पेटी सेन्सरसमोर असेपर्यंत काउंटर धावतच राहील.

कुणीतरी म्हणेलच की मोठ्या चिपमध्ये क्लॉक गेट करतात. करतात, वीज वाचवायला, कारण मक्सच्या पद्धतीत फ्लिप-फ्लॉप बसून असला तरी क्लॉक चालूच राहतो. पण तिथे नुसता अँड नसतो. त्याआधी एक लॅच असतो, जो क्लॉक खाली असतानाच `en` आत घेतो, त्यामुळे क्लॉक वर असताना अँडला बदल दिसतच नाही. तो तयार सेल लायब्ररीतून येतो आणि टायमिंगचं टूल त्याला ओळखतं. तुझ्या प्रोजेक्टला त्याची गरज नाही.

तुझ्या वेव्हफॉर्ममध्ये `gclk` पण टाक आणि `en` जिथे वर जातो तिथे झूम कर. पहिली एज `clk` च्या एजवरच चिकटून दिसेल, म्हणून नजरेतून सुटली असणार.