'पुढची मांडणी' म्हणजे नेमकी कोणती?

प्रश्न: मी कॉलेजच्या मुलांना मराठीतून कोडिंग शिकवते. 'नेक्स्ट लेक्सिकोग्राफिक पर्म्युटेशन' याला 'कोशक्रमाने पुढची मांडणी' म्हटलं तर चालेल का? मुलं विचारतात की आकडे पूर्ण उतरत्या क्रमात असतील तर 'पुढची' कशाला म्हणायचं. आणि 'इन प्लेस'ला काय म्हणावं?

उत्तर: 'कोशक्रम' चांगला शब्द आहे, बिनधास्त वापरा. फक्त 'पुढची'च्या आधी 'लगतची' जोडा, म्हणजे मुलांचा अर्धा गोंधळ तिथेच मिटेल. क, म, ल ही तीन अक्षरं घ्या. त्यांच्या सहा मांडण्या कोशक्रमाने लावल्या तर कमल, कलम, मकल, मलक, लकम, लमक अशी रांग होते. 'कमल'च्या पुढे बाकीच्या पाचही आहेत, पण आपल्याला हवी ती 'कलम', कारण या दोघींच्या मध्ये दुसरी कुठलीच मांडणी बसत नाही. सगळी रीत या एका अटीतून निघते: मांडणी वाढली पाहिजे, पण शक्य तितकी कमी.

'पर्म्युटेशन'ला मी स्वतः 'मांडणी'च म्हणतो. कुणाला जुना शब्द हवा असेल तर 'अंकपाश' आहे. भास्कराचार्यांच्या लीलावतीत या नावाचं प्रकरण आहे, आणि नारायण पंडितांच्या १३५६ च्या गणितकौमुदीतही आहे. आज आपण लिहितो त्या रीतीचं मूळ नारायण पंडितांपर्यंत नेलं जातं. पण अंकपाश हे विषयाचं नाव आहे, एकेका मांडणीला ते लावलं तर कानाला खटकतं.

आता १ ३ ५ ४ २ ही मांडणी घेऊ. कमीत कमी वाढ हवी तर डावीकडचे आकडे शक्यतो हलवायचे नाहीत, म्हणून तपासणी उजवीकडून सुरू होते. शेवटचे ५ ४ २ उतरते आहेत. या तीन आकड्यांची याहून मोठी मांडणी होऊच शकत नाही, म्हणजे तिथल्या तिथे काही केलं तरी वाढ मिळणार नाही. त्याच्या डावीकडचा ३ मात्र ५ पेक्षा लहान आहे. हाच अडखळा, बदल इथेच करावा लागणार. ३ च्या जागी काय आणायचं? उतरत्या शेपटीतला, ३ पेक्षा मोठा पण मोठ्यांत सगळ्यात लहान, म्हणजे ४. अदलाबदल केली की १ ४ ५ ३ २ होतं. ४ च्या जागी गेलेला ३ हा ५ आणि २ यांच्या मधोमध बरोबर बसतो, म्हणून शेपूट अजूनही उतरतीच राहते. पहिला बदल ४ ने झालेला आहे, तेव्हा शेपूट आता लहानात लहान हवी. उतरती रांग चढती करायला सॉर्ट लागत नाही, उलटी केली की झालं. उत्तर १ ४ २ ३ ५.

मुलं हमखास विसरतात ती ही शेवटची उलटापालट. १ ४ ५ ३ २ वर थांबलात तर मांडणी पुढची आहे, पण लगतची नाही. मधल्या पाच मांडण्या गळतात.

कोड असा:

```python
def next_perm(a):
    i = len(a) - 2
    while i >= 0 and a[i] >= a[i + 1]:
        i -= 1
    if i >= 0:
        j = len(a) - 1
        while a[j] <= a[i]:
            j -= 1
        a[i], a[j] = a[j], a[i]
    l, r = i + 1, len(a) - 1
    while l < r:
        a[l], a[r] = a[r], a[l]
        l += 1
        r -= 1
    return i >= 0
```

तुमच्या मुलांची शंका इथे सुटते. ५ ४ ३ २ १ दिलं तर अडखळा सापडतच नाही आणि `i` घसरत -१ वर येतो. अदलाबदलीची पायरी गळते, शेपूट म्हणजे अख्खी रांग ठरते, ती उलटी होऊन १ २ ३ ४ ५ होते. वेगळी फांदी लिहावी लागली नाही. पण भाषेच्या दृष्टीने इथे 'पुढची' हा शब्द खोटा आहे. ५ ४ ३ २ १ ही शेवटची मांडणी. तिच्या पुढे काही नाही. पुन्हा पहिलीवर येणं हा संकेत आहे. म्हणूनच मी `return i >= 0` ठेवलंय, सी++ चं `std::next_permutation` ही तसंच वागतं: रांग चढती करून ठेवतं आणि `false` देतं. ते उत्तर न बघता लूप चालवला तर तो कधी संपणार नाही. वर्गात मी 'पुढची नाही, फेरा पूर्ण' असं म्हणेन.

सारखे आकडे आले की `>=` आणि `<=` मधली बरोबरीची खूण कामाला येते. १ ५ १ घ्या. दुसऱ्या लूपमध्ये `<=` ऐवजी नुसतं `<` लिहिलं तर शेवटचा १ 'मोठा' म्हणून निवडला जातो, १ ची १ शी अदलाबदल होते, शेपूट उलटते आणि हाती येतं १ १ ५. म्हणजे आपण मागे गेलो! पुढच्या हाकेला परत १ ५ १, मग परत १ १ ५. ५ १ १ कधी येतच नाही. तपासायला ही तीन आकड्यांची रांग पुरते. पहिल्या लूपमधली बरोबरी काढली तर २ २ १ देऊन बघा, तिथे २ च्या उजवीकडे २ पेक्षा मोठं काही नसताना शोध सुरू होतो आणि `j` रांगेच्या बाहेर पडतो.

'इन प्लेस'ला 'जागच्या जागी'. मराठीत हा शब्दप्रयोग तयारच आहे. अट एवढीच की दुसरी रांग बनवायची नाही, दोन-तीन चलं चालतील. पायथॉनमध्ये `a[i+1:] = a[i+1:][::-1]` हे दिसायला सुटसुटीत, पण ते शेपटीची नक्कल काढतं, म्हणून वर मी दोन टोकांकडून अदलाबदल केली आहे.

राहता राहिला 'कोशक्रम'. मुलांना आकड्यांऐवजी अक्षरं दिलीत तर कोणाचा कोश हे ठरवावं लागेल. मराठी वर्णमालेत ळ येतो ह नंतर, युनिकोडमध्ये मात्र तो ल च्या पाठोपाठ, व च्या आधी आहे. त्यामुळे `['ळ', 'व']` ही रांग मराठी क्रमाने उतरती, म्हणजे शेवटची. पायथॉन मात्र तिला पहिली समजून पुढे 'वळ' काढून देईल, वर `True` म्हणेल. शिवाय `list("कमाल")` केलं की काना हा स्वतंत्र घटक होतो आणि फिरता फिरता तो अक्षर सोडून रांगेच्या सुरुवातीला जाऊन बसतो. यावर उपाय असा की प्रत्येक अक्षर त्याच्या काना-मात्रेसकट एक घटक धरायचा, त्याला मराठी क्रमातला आकडा द्यायचा, मांडणी त्या आकड्यांची करायची आणि छापताना अक्षरं परत लावायची.