टॅरोत फोर ऑफ कप्स आलं म्हणजे पार्टनरला माझा कंटाळा आलाय का?

प्रश्न: "पार्टनरला माझ्याकडून काय हवंय" असा तीन कार्डांचा स्प्रेड काढला. मी काय देते – सिक्स ऑफ पेंटॅकल्स, त्याला काय हवंय – फोर ऑफ कप्स, माझं काय आड येतं – नाइट ऑफ स्वॉर्ड्स. त्याला माझा कंटाळा आलाय का?

उत्तर: नाही गं, तसं वाचू नकोस. फोर ऑफ कप्स बघितलं की सगळ्यांच्या डोक्यात आधी तोच येतो, झाडाखाली हाताची घडी घालून बसलेला माणूस, पण तू विचारलंयस माझ्याकडून काय हवंय, म्हणजे त्या जागेवरचं कार्ड तुझ्या वागण्याचं आहे, त्याच्या मूडचं नाही. मी अशा वेळी प्रत्येक कार्डाचं "मी" ने सुरू होणारं एक वाक्य वहीत लिहिते, आणि ते "तो" ने सुरू व्हायला लागलं की समजते, आपण भरकटलो.

सिक्स ऑफ पेंटॅकल्समधल्या माणसाच्या एका हातात नाणी आहेत, दुसऱ्यात तराजू. मी देते, पण मोजून देते. मग नाइट ऑफ स्वॉर्ड्स, तलवार उपसून घोडा भरधाव सोडलेला: मी त्याचं बोलणं संपायच्या आत उत्तर घेऊन धावते. आता या दोघांमध्ये फोर ऑफ कप्स ठेवून बघ. ढगातून आलेला हात चौथा कप नुसता पुढे धरतो, ओढत नाही, तोंडाला लावत नाही. मी तर हेच वाक्य लिहिलं असतं: मी कप पुढे धरते आणि थांबते.

माझ्याकडे, कोपरखैरण्यात, नवरा महापेहून रात्री नऊला यायचा आणि बूट न काढताच गॅलरीत बसायचा, आणि मी दारातूनच सुरू, काय झालं, बॉसशी बोललास का, एचआरला मेल टाक ना. स्प्रेडमध्ये हाच नाइट आला तेव्हा दुसऱ्या दिवशी चहाचा कप कठड्यावर ठेवला आणि शेजारी गप्प बसले, फोन आत ठेवून. पंधरा-वीस मिनिटांनी तोच म्हणाला, "आज टीममधल्या दोघांना काढलं."

तू पण मागच्या आठवड्यातला एक खरा प्रसंग घे आणि तिन्ही वाक्यं त्याला लावून बघ. बसत नसतील तर चूक आपण लावलेल्या अर्थात आहे, कार्डं परत काढायची नाहीत, मनासारखं येईपर्यंत काढत राहिलं की मग आपण आपल्यालाच हवं ते ऐकतो. त्याच्या मनात नक्की काय आहे ते कार्डं सांगत नाहीत, ते त्यालाच विचारायचं, "मी मधेच बोलते का रे?" एवढंच. आणि त्याचं हवं असणं म्हणजे तू अपमान किंवा मारहाण सोसावी असं असेल तर हा स्प्रेड काढूच नकोस, तिथे तुझं वागणं हा प्रश्नच नाहीये.