मशीन तेच ठेवलंत

प्रश्न: वडील गेले. त्यांचं बंद पडलेलं एचएमटी जनता एका वयस्कर घड्याळवाल्या काकांनी चालू करून दिलं. पैसे दिलेच, पण त्यांना आभाराची चिठ्ठी द्यायची आहे. काय लिहू?

‘तुमच्या हातात जादू आहे’ हे सोडून काहीही लिहा. जादू म्हटलं की केलेलं काम दिसेनासं होतं. त्यांनी नेमकं काय केलं ते विचारा आणि तेच लिहा.

मी याच धंद्यात आहे. माझ्या काउंटरच्या काचेखाली अशी एकच चिठ्ठी आहे. तीही जनताचीच, आणि तीही वडील गेलेल्या एका मुलीची.

घड्याळ आलं तेव्हा चावी फिरतच नव्हती. ती म्हणाली, ‘बाबांनी जास्त चावी दिली म्हणून अडकलं असेल.’ हा समज घरोघरी आहे आणि तो चुकीचा आहे. जास्त चावी दिल्याने घड्याळ बंद पडत नाही. स्प्रिंग पूर्ण भरली की चावी थांबते, ती थांबायलाच हवी. बंद पडतं ते तेल सुकून. वर्षानुवर्षं कपाटात पडून तेलाचा डिंक होतो, चाकं जागच्या जागी चिकटतात आणि भरलेली स्प्रिंग तशीच ताणलेली राहते.

मागचं झाकण उघडलं तर आतून सुईने कोरलेल्या तीन बारीक खुणा होत्या. सर्व्हिसिंग केलं की कारागीर झाकणाच्या आत आपली खूण आणि तारीख कोरतो. शेवटची २००३ ची. म्हणजे वडील घड्याळ वेळच्या वेळी दाखवत होते. मुलीला हे माहीत नव्हतं. तिने आयग्लास डोळ्याला लावून तिन्ही खुणा पाहिल्या.

मशीन खोलण्याआधी त्यातली पॉवर सोडावी लागते. चावी दोन बोटांत घट्ट धरायची, चिमट्याच्या टोकाने स्प्रिंग अडवून धरणारा खटका बाजूला करायचा आणि चावी बोटांतून हळूहळू उलटी जाऊ द्यायची. घाईत हे विसरून कोणी स्क्रू काढले तर अख्खी स्प्रिंग एका झटक्यात सुटते आणि चाकाचे दात नाहीतर पिव्हट, म्हणजे चाकाच्या आसाची बारीक टोकं, जातात. मी चावी सोडत असताना ती म्हणाली, ‘बाबांनंतर कोणी चावी दिलीच नाही हो.’ मग मी आणखी हळू सोडली. तांत्रिकदृष्ट्या त्याची काही गरज नव्हती.

इथे माझा भाचा मध्ये पडला. तोही दुकानात बसतो. त्याचं म्हणणं, ‘मामा, भंगारातलं चालू मशीन बसव, पंधरा मिनिटांचं काम आहे. बाहेरून काय कळणार?’ हिशोबात तो बरोबर आहे. एचएमटीने १९६१ मध्ये बंगळुरूत सिटिझनच्या मदतीने घड्याळं बनवायला सुरुवात केली. जनता तर इतकी खपली की तिची जुनी मशीन अजून मिळतात. उलट नवे सुटे भाग मिळत नाहीत, कारण ती बनवणारी एचएमटी वॉचेस कंपनीच बंद करायचं २०१६ मध्ये ठरलं. म्हणून बाजारात सर्रास मशीन बदलतात आणि गिऱ्हाइकाला सांगत नाहीत. माझा वाद तिथेच आहे. न सांगता मशीन बदललं तर डायल वडिलांची, केस वडिलांची आणि आत टिकटिक कोणा दुसऱ्याची.

मी तेच मशीन सुटं केलं, पेट्रोलमध्ये धुतलं आणि पिव्हट ज्यांत फिरतात त्या एकेका खड्यातला वाळलेला थर लाकडी काडीने काढला. तेल देतानाच बहुतेकांचं चुकतं. खड्याच्या वाटीत अर्ध्याहून थोडं जास्त, बस. कमी पडलं तर पिव्हट झिजतो. वाटी भरून वाहिली तर तेल पसरतं आणि हवं तिथे उरतच नाही. बॅलन्स म्हणजे मागेपुढे झुलणारं चाक, त्याच्या केसासारख्या हेअरस्प्रिंगला तर तेलाचा स्पर्शही नको. वेटोळी एकमेकांना चिकटली की घड्याळ वेड्यासारखं पुढे पळतं.

जोडून ठेवलं तर डायल वर असताना दिवसाला १२ सेकंद पुढे, म्हणजे उत्तम. डायल खाली ठेवलं की दिवसाला सव्वा मिनिट मागे. आडव्या ठेवलेल्या घड्याळात असा फरक पडला की पहिला संशय बॅलन्सच्या पिव्हटवर घ्यायचा. डायल वर असताना बॅलन्सचं वजन एका टोकावर तोललेलं असतं, खाली केली की दुसऱ्या टोकावर. हे दुसरं टोक चपटं झालं होतं, बहुधा कधीतरी पडल्यामुळे. पिव्हटला धक्क्यापासून वाचवणारी पॅराशॉकची स्प्रिंग धक्का पुष्कळ खाते, सगळा नाही. केसाहून जरासं जाड असलेलं ते टोक घासून गुळगुळीत करायला माझी सबंध दुपार गेली. मोडलं असतं तर भाच्याला आयुष्यभर बोलायला विषय मिळाला असता. नंतर डायल खाली ठेवूनही १८ सेकंद पुढे, म्हणजे दोन्हीकडे जवळपास सारखं.

चावीची दांडी गंजली होती, ती बदलली आणि जुनी पुडीत बांधून दिली. काचेवर चारच्या आकड्याजवळ चरा होता, तो ठेवला. प्लास्टिकची काच पॉलिश करणं दहा मिनिटांचं काम, पण आधी विचारलं. ती म्हणाली, राहू दे.

आठवड्याने चिठ्ठी आली: ‘काका, रोज सकाळी आठला चावी देते. पाच दिवसांत एक मिनिट पुढे गेलं. चरा ठेवलात, दांडी परत दिलीत, मशीन तेच ठेवलंत. आईने कानाला लावून ऐकलं.’

यातलं पहिलं वाक्य आणि दुसरं वाक्य मला सगळ्यात जास्त आवडलं. कारागिराला घड्याळ हातातून गेल्यावर ते कसं चालतंय हे कधीच कळत नाही. बिघडलं तरच माणूस परत येतो. तुम्हीही तेच करा. सकाळी मोबाइलवरून सेकंदाला वेळ लावा, चावी थांबेपर्यंत द्या आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळी फरक लिहा. असे पाच-सात दिवस. रात्री डायल वर होती की खाली, तेही लिहा. रोज फरक सारखाच पडत असेल तर वेग कमीजास्त करणारी आतली बारीक दांडी किंचित सरकवून तो कमी करता येतो, दोन मिनिटांचं काम. एकाएकी पुढे पळू लागलं तर मोबाइलच्या चुंबकवाल्या कव्हरजवळ ठेवलं होतं का ते आठवा.

आणि डायल नव्याने रंगवून घ्यायचा विचार कोणी डोक्यात घातला असेल तर तो काढून टाका. ‘जनता’ ही अक्षरं पुन्हा तशी छापून होत नाहीत.

एक कबूल करतो. आतून गंजून गेलेलं मशीन असेल तर बदलण्यावाचून इलाज नसतो आणि त्यात पाप काही नाही, फक्त सांगून बदलावं. तुमच्या काकांनी बदललं असेल आणि तुम्हाला तसं सांगितलं असेल, तर चिठ्ठीत त्या सांगण्याबद्दल आभार माना.

चिठ्ठी हातानेच लिहा, पण मोठ्या अक्षरात. दिवसभर एका डोळ्याला आयग्लास लावून बसणाऱ्याला संध्याकाळी बारीक अक्षर वाचवत नाही.