दहावीच्या वर्गासाठी चोवीस चिठ्ठ्या आणि जमिनीवरचा नकाशा

पत्र: नमस्कार सर. मी घाटंजी तालुक्यातली आशा सेविका, पोरगी दहावीत आहे. पालक-शिक्षक संघाच्या बैठकीत मी बोलून बसली की पोरायले पुढचं कोणी काही सांगत नाही. हेडमास्तर म्हणाले, मग तुम्हीच घ्या एक शनिवार. आता दोन तासिका माह्या हाती आहेत अन् वर्गात 38 पोट्टे-पोट्ट्या. विचारलं तर पोट्टे म्हणतात पोलीस, पोट्ट्या म्हणतात नर्स, बाकीचे जिकडे दोस्त तिकडे. यायची आवड कशी काढाची, अन् सायन्स-आर्ट्स-आयटीआय कसं समजावाचं?

उत्तर:

ताई, पहिलं काम म्हणजे "तुला काय व्हायचंय" हा प्रश्न त्या दिवशी कोणालाही विचारू नका. खेड्यातल्या पोरानं जेवढे पेशे डोळ्यांनी पाहिलेत त्यातलंच नाव तो सांगणार: पोलीस, नर्स, मास्तर, तलाठी. त्यातून त्याची आवड कळत नाही, गावात कोण कोण येतं तेवढंच कळतं. पेशाऐवजी कामं विचारायची, आणि तीही त्यानं केलेली.

कार्डशीट कापून 24 चिठ्ठ्यांचा एक संच करा. चार-चार पोरांत एक संच धरला तर दहा संच लागतील. एका मुलाचं खाली सांगितलेल्या तीन ढिगांत वाटून झालं की त्यानं निवडलेल्या चिठ्ठ्या वहीत उतरवायच्या आणि संच पुढच्याला द्यायचा. प्रत्येक चिठ्ठीवर एकच काम, तुमच्या गावातलं. फवारणी पंपाचा नोझल खोलून साफ केला. बोंड फोडून आत अळी आहे का पाहिलं. वेचणीच्या बायांची किलोची नोंद वहीत केली. आजीला बीपीची गोळी आठवणीनं दिली. गणपतीची वर्गणी मागायला पुढे झालो. तान्ह्या पोळ्याला लाकडी नंदी सजवला.

ही सहा कामं सहा वेगळ्या स्वभावांची आहेत, हे तुमच्या लक्षात आलंच असेल: हातानं दुरुस्त करणं, कारण शोधणं, नोंद-हिशेब ठेवणं, माणसाची काळजी घेणं, लोकांना पटवणं, नवं काही घडवणं. जॉन हॉलंड या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं 1959 मध्ये मांडलेली विभागणी हीच. आपण तिला वऱ्हाडी कपडे घातले. प्रत्येक स्वभावाच्या चार चिठ्ठ्या करा आणि मागे 1 ते 6 पैकी आकडा टाका. आकड्याचा अर्थ वाटून होईपर्यंत सांगायचा नाही, नाहीतर पोरं चिठ्ठीऐवजी आकडा निवडतात.

मग तीन ढीग: "कोणी न सांगता करतो", "सांगितलं तर करतो", "टाळतो". पहिल्या ढिगात सहाच चिठ्ठ्या, सातवी ठेवायची तर एक काढायची. खरी निवड या अटीमुळेच होते. सहा चिठ्ठ्या उलटल्या की कुठला आकडा जास्त वेळा आला ते दिसतं. दोन आकडे बरोबरीनं आले तर दोन्ही लिहा, ओढून-ताणून एक करू नका.

फसतं कुठे ते सांगतो. मुलींच्या पहिल्या ढिगात "लहान भावाला सांभाळलं", "आजीला गोळी दिली" हमखास येतं, कारण ते काम त्यांच्यावरच पडतं. शिक्षक पाहतो आणि म्हणतो, व्वा, ही नर्सच होणार. तिथे एकच प्रश्न विचारा: हे काम उद्या भावानं केलं तर तुला बरं वाटेल की चुकल्यासारखं? बरं वाटलं तर चिठ्ठी दुसऱ्या ढिगात. आणि शेजारी बसलेल्या दोघांचे ढीग सारखेच दिसले, तर "हे शेवटचं कधी केलंस?" एवढं विचारा. वार, जागा, काय बिघडलं होतं हे सांगता आलं तर चिठ्ठी खरी. एवढं मात्र लक्षात ठेवा की या चिठ्ठ्या ओढ दाखवतात, कुवत नाही. गणितात किती जमतं ते गणिताच्या सरांनाच विचारावं लागेल.

दुसऱ्या तासिकेत नकाशा. मी सुरुवातीला भिंतभर तक्ता लावायचो, शंभराच्या वर अभ्यासक्रम. पोरं मागच्या रांगेतून जांभया द्यायची. आता व्हरांड्यात खडूनं काढतो. एका टोकाला "दहावी", तिथून पाच वाटा: आर्ट्स, कॉमर्स, सायन्स, आयटीआय, पॉलिटेक्निक. दुसऱ्या टोकाला कामं. पोरानं कामाजवळ उभं राहायचं आणि दहावीकडे उलटं चालत यायचं. लाल खडूनं दाखवायचे ते फक्त एकेरी रस्ते. बारावी सायन्सनंतर बीए, बीकॉमला जाता येतं. आर्ट्सवरून बीएस्सी अ‍ॅग्रीला येता येत नाही. सायन्समध्ये गणित सोडलं की इंजिनीअरिंग गेलं, जीवशास्त्र सोडलं की नीटची वाट अवघड.

मागच्या वर्षीचा एक पोरगा सांगतो. तोंडानं "डॉक्टर", ढिगात चार चिठ्ठ्या दुरुस्तीच्या. विहिरीवरच्या मोटरचा स्टार्टर का पडतो हे त्यानं मला पाच मिनिटं समजावलं. त्याला विजेच्या कामाजवळ उभं केलं. तिथून मागे दोन वाटा येतात. एक आयटीआयची: विजतंत्री, दोन वर्षं, मग अप्रेंटिसशिप. दुसरी पॉलिटेक्निकची: इलेक्ट्रिकल डिप्लोमा, तीन वर्षं, त्यावर इंजिनीअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश. दोघांच्या मधे एक पूलही आहे: दोन वर्षांचा आयटीआय केलेल्याला डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला जाता येतं. घरी लवकर कमाई हवी होती आणि गणिताची भीती होती, म्हणून त्यानं आयटीआय धरलं. पूल दिसल्यावर बापाचा विरोधही मावळला. आयटीआयचा अर्ज admission.dvet.gov.in वर वेगळा, पॉलिटेक्निकचा वेगळा आणि अकरावीचा वेगळा, हे मात्र वर्गात दोनदा सांगा. एक भरला की झालं असं समजून बसणारे दर वर्षी भेटतात.

पोलीस म्हणणाऱ्यांचं काम सोपं आहे. शिपाई भरतीला बारावी पास लागतं, शाखा कुठलीही चालते. उंची मात्र मुलांना 165 आणि मुलींना 155 सेंटिमीटर. म्हणजे "पोलीस" या उत्तरानं शाखा ठरतच नाही. ती त्यांच्या आकड्यानं ठरवा, भरती हुकली तर हाती काहीतरी राहील.

नर्सिंगचं तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. तरी नकाशावर तीन वेगळे ठिपके हवेत. एएनएम आणि जीएनएम कुठल्याही शाखेच्या बारावीवर होतं, जीएनएमला इंग्रजी विषय लागतो. बीएस्सी नर्सिंगला मात्र भौतिक, रसायन, जीवशास्त्र हवंच. गावाजवळच्या कॉलेजात फक्त आर्ट्स आहे म्हणून तिथे नाव टाकलेल्या मुलीला हे बारावीनंतर कळतं, तेव्हा उशीर झालेला असतो.

म्हणून शेवटची दहा मिनिटं वहीत तीन ओळी लिहायला ठेवा: ज्या कामाजवळ उभा राहिलो ते, त्याला लागणारे विषय, आणि ते विषय शिकवणारं जवळचं कॉलेज कुठलं व तिथे सकाळची एस.टी. किती वाजता. तिसरी ओळ घरी विचारून सोमवारी आणायची. मुलींना बारावीपर्यंत एस.टी.चा पास मोफत आहे, ते त्याच ओळीखाली लिहून घ्या. आणि तारीख दिवाळीनंतर लगेचची नको. वेचणीच्या भरात अर्धा वर्ग शेतात असतो, जानेवारीतला एखादा शनिवार धरा.