डाउन पेमेंटसाठी एफडी की आरडी?

दोन वर्षांनी फ्लॅटचं डाउन पेमेंट भरायचंय. एफडी करू की आरडी? दर दोन्हीला ६.५ टक्केच आहे, पण आरडीचं व्याज निम्मंच दिसतंय.

हातात असलेली रक्कम एफडीत टाका आणि पगारातून दरमहा उरणाऱ्या पैशांची आरडी काढा. व्याज निम्मं दिसतं, पण त्यात बँकेची लबाडी नाही. सहा लाख आज एफडीत ठेवले तर सगळे पैसे पूर्ण दोन वर्षं व्याज कमावतात, म्हणजे सुमारे ८२,५०० रुपये. दरमहा २५ हजारांच्या आरडीत पहिला हप्ता २४ महिने राहतो आणि शेवटचा जेमतेम एक महिना. म्हणून तेवढ्याच सहा लाखांवर व्याज साधारण ४२ हजार येतं. हातातले सहा लाख बचत खात्यात ठेवून त्यातून आरडीचे हप्ते भरणं मात्र निव्वळ तोटा. बरेच जण नेमकं हेच करतात.

अडचण एकच, घराची तारीख. बिल्डरने बुकिंगची रक्कम अचानक मागितली आणि ठेव मोडावी लागली, तर ती जितके दिवस राहिली त्या मुदतीचा दर लागतो आणि त्यातून बहुतेक बँका अर्धा ते एक टक्का कापतात. त्यामुळे सहा लाखांची एकच पावती करू नका, दोन-दोन लाखांच्या तीन करा. गरजेपुरती एकच मोडता येईल. आरडीतून मात्र सहसा थोडे पैसे काढता येत नाहीत, ती अख्खीच बंद करावी लागते.