एसओपी ११४० शब्दांची, लिमिट ५०० ची

काय गं,

परदेशातल्या ॲडमिशनसाठीच्या तुझ्या एसओपीची, म्हणजे स्टेटमेंट ऑफ पर्पजची फाईल काल रात्री वाचली, दोनदा वाचली. मेसेजमध्ये लिहिलंयस की "ताई, आठ पॅरे आहेत, प्रत्येकातून थोडं थोडं कमी केलं तर बसेल ना?" नाही बसणार. आणि बसलं तरी वाचण्यासारखं राहणार नाही, कारण सगळीकडून सारखं छाटलं की सगळंच रोडावतं आणि कमिटीतल्या माणसाला शेवटी ही मुलगी नक्की कशासाठी येतीये तेच कळत नाही. शिवाय असं छाटताना हात आपोआप तपशिलावर जातो, कारण तपशील लांब असतात. मग "आय ॲम पॅशनेट अबाउट वॉटर" राहतं आणि सांगलीचा आयर्विन पूल उडतो. असलं वाक्य सगळ्यांच्याच एसओपीत असतं, पूल तुझ्याच.

तर आधी फाईल बंद कर आणि कोऱ्या कागदावर एक वाक्य लिही, मराठीतच लिही, ते एसओपीत जाणार नाहीये. तू हा कोर्स का करतीयेस? आणि "पूर" असं लिहू नकोस, पूर हा विषय झाला. मला तुझ्या लिखाणातून जे दिसलं ते असं: २०१९ च्या ऑगस्टमध्ये गावभागातले लोक एकमेकांना फोन करून विचारत होते, "पुलावर किती झालं?" आणि लगेच पुढं, "म्हणजे आपल्यात येतंय का?" पहिल्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यांकडे होतं, दुसऱ्याचं उत्तर लोक २००५ च्या भिंतीवरच्या खुणेवरून देत होते, आणि पाणी त्या खुणेच्याही वर गेलं. म्हणजे खुणेच्या वर गेलेलं पाणी कुठल्या गल्लीत किती येईल हे आधी सांगता यायला हवं, हे तुला शिकायचंय. हा तुझा धागा. तुला पटत नसेल तर तुझा तू लिही, पण एकच वाक्य.

आता प्रिंट काढ आणि प्रत्येक पॅऱ्याशेजारी पेन्सिलीनं लिही की हा पॅरा त्या वाक्याचं काय करतो. "छान आहे" हे उत्तर चालणार नाही. मी तुझ्या प्रिंटवर केलंय ते सांगते.

आजोबांचा मळा आणि लहानपणीचं कुतूहल, १२० शब्द, काहीच करत नाही, पूर्ण काढ. एनएसएसचा पॅरा, ११० शब्द, इथं तू अडणार मला माहितीये, कारण पूरग्रस्तांना पाकिटं वाटली ते खरंच चांगलं काम होतं आणि पुराशी संबंधितही आहे. पण ते विषयाला धरून आहे, धाग्याला नाही. पाकीट वाटताना पाणी कुठं येणार याचा काही विचार तू केला होतास का? नाही ना, मग ते सीव्हीत ठेव, तिथं त्याची जागा आहे. इंटर्नशिपचा १४० शब्दांचा पॅरा, रस्ता रुंदीकरण, त्यातही बहुतेक सगळं कंपनी किती मोठी आणि साईटवर काय काय शिकले तेच आहे. मात्र त्यात एक ओळ दडलीये, की रस्त्याचा भराव उंच होता आणि खालची मोरी लहान, त्यामुळं शेतातलं पाणी एका बाजूला तुंबायचं. ती ओळ उचलून प्रोजेक्टच्या पॅऱ्यात नेऊन ठेव, बाकी पॅरा गेला.

तिन्ही मिळून ३७० शब्द गेले आणि अजून तू एकही वाक्य घासलेलं नाहीस. म्हणून म्हणते, आधी अख्खे पॅरे, मग वाक्यं, शब्द सगळ्यात शेवटी. उलटं केलंस तर तीन तास घासूनपुसून चकचकीत केलेला पॅरा नंतर काढवत नाही.

बीटेकच्या विषयांची यादी आणि सीजीपीए ट्रान्सक्रिप्टमध्ये आहेच, १५० शब्दांच्या जागी २५ पुरेत. पुराचा पॅरा २१० चा ११० कर: पाणी हेच जीवन वगैरे सुरुवात काढ, टीव्हीवरच्या बातम्या काढ, थेट फोनवरच्या त्या दोन प्रश्नांपासून चालू कर. धोक्याची पातळी ४५ फूट आणि त्या वर्षी पाणी ५७ च्या वर गेलं, हे दोन आकडे मात्र ठेव, परदेशातल्या वाचणाऱ्याला त्याशिवाय अंदाज येणार नाही.

प्रोजेक्टच्या १९० शब्दांना हात लावू नकोस. उलट मोरीची ओळ धरून ते २१० होऊ देत. कारण अख्ख्या एसओपीतली सगळ्यात भारी गोष्ट तिथं आहे आणि तू ती सहजच सांगितल्यासारखी शेवटी टाकलीयेस: हेक-रास या नदीच्या पाण्याची पातळी काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये मॉडेल चालवलं तर पातळी प्रत्यक्षापेक्षा कमी येत होती, मग तू नदीकाठी जाऊन बघितलंस आणि लक्षात आलं की काठच्या रानासाठी तू मोकळ्या शेताचा खडबडीतपणा धरला होतास आणि पुराच्या दिवसांत तिथं डोक्याइतका ऊस उभा असतो, पाण्याला अडवतो. हे पॅऱ्याच्या सुरुवातीला आण. ही मुलगी आकडा चुकला तर जाऊन बघून येते हे त्यातून कळतं, मग "आय ॲम अ हार्डवर्किंग अँड क्युरियस स्टुडंट" लिहायची गरजच उरत नाही, काढून टाक.

युनिव्हर्सिटीचं कौतुक १३० वरून ७० वर. रँकिंग त्यांना पाठ आहे, तुझ्या त्या गल्लीच्या प्रश्नाला लागणारे दोन विषय आणि का लागणार तेवढंच. पुढचा प्लॅन ९० चा ७५. बेरीज करून बघ, ४९० येते.

एवढं झालं की जोड तपास, घाण इथं राहते. मधले पॅरे गेले की "धिस एक्स्पीरियन्स ऑल्सो टॉट मी" मधला धिस कुठला ते कळत नाही, आणि एखादं संक्षिप्त नाव पहिल्यांदा जिथं उलगडून सांगितलं होतं तो भागच उडालेला असतो. स्वतः वाचताना हे दिसत नाही, तुला सगळं माहिती असतं ना. घरातल्या कुणाला तरी मोठ्यानं वाचायला दे, जिथं ते अडखळतील तिथं खूण कर. आणि मग त्यांना विचार, मला काय शिकायचंय? "इंजिनिअरिंग" किंवा "पाण्याचं काहीतरी" असं उत्तर आलं तर धागा अजून दिसत नाहीये.

शब्द घासणं आता, आणि तेही अर्धा तासच. "आय वॉज गिव्हन द ऑपॉर्च्युनिटी टू वर्क ऑन" हे आठ शब्द, "आय वर्क्ड ऑन" तीन. असली वाक्यं तुझ्याकडं भरपूर आहेत. पण "द" आणि "अ" काढून शब्द वाचवू नकोस, वाचताना तारेसारखं लागतं.

काउंट डॉक्समधला बघशील तर तिथंच थांबू नकोस, फॉर्मच्या बॉक्समध्ये पेस्ट करून बघ, जोडरेघेचे शब्द काही ठिकाणी एक धरतात काही ठिकाणी दोन, आणि काही फॉर्म तर लिमिटच्या पुढचा मजकूर न सांगता कापतात. म्हणून ते दहा शब्द मोकळेच ठेव, भरायचा मोह होईल तुला. जुनी ११४० वाली फाईल वेगळ्या नावानं सेव्ह करून ठेव, दुसऱ्या युनिव्हर्सिटीला हजार शब्द मागितलेत ना, तिथं लागेल.

शनिवारी दुपारपर्यंत पाठव, रविवारी मी साताऱ्याला लग्नात आहे, फोन उचलणार नाही.

तुझी,
ताई